तळहातावरचे फोड आणि कांजिण्यांची गफलत

पाटोदा तालुक्यात लेकराच्या अंगावर पाण्याचे फोड दिसले की घरात पहिला शब्द निघतो तो कांजिण्या. म्हातारी माणसं 'माता आल्या' म्हणतात. उशाशी लिंबाचा पाला येतो, फोडणीचा वास बंद होतो, अंघोळ थांबते. ज्यांनी लहानपणी देवीचे व्रण असलेली माणसं पाहिली आणि पुढे घरोघरी कांजिण्या पाहिल्या, त्यांनी पाण्याच्या फोडाला दुसरं नाव शोधावं तरी का? पण गेल्या वीसएक वर्षांत दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये फोडांचा आणखी एक आजार महाराष्ट्रात नित्याचा झाला आहे. त्याला हात-पाय-तोंडाचा आजार म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो इंग्रजी आद्याक्षरांनी 'एचएफएमडी' असा येतो. कांजिण्या म्हणून घरी निभावून नेलेली बरीच दुखणी खरं तर हीच असावीत असं मला वाटतं. या गफलतीची किंमत लगेच कळत नाही, काही वर्षांनी कळते.

आधी एक गैरसमज दूर करू. पाटोद्याकडे घरटी एखादी गाय किंवा शेळी असतेच, त्यामुळे हात-पाय-तोंड म्हटलं की जनावरांचा लाळ-खुरकूत आठवतो आणि आजार गोठ्यातून आला की काय अशी शंका येते. तसं काही नाही. दोन्हींचे विषाणू एकाच मोठ्या कुळातले असले तरी वेगळे आहेत. गाईचा खुरकूत लेकरांना होत नाही आणि लेकरांचा आजार गाईला होत नाही.

मुलांचा हा आजार १९५७ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोच्या साथीत नीट नोंदला गेला आणि दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या साथीत त्याला आजचं नाव मिळालं. त्यामागे मुख्यतः कॉक्सॅकी ए-१६ हा विषाणू होता. हे विषाणू आतड्यात वाढतात, पोलिओचा विषाणूही याच गोतावळ्यातला. भारतात २००३ मध्ये केरळच्या कालिकतची साथ नोंदली गेली आणि महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये नागपूरची. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा त्यावरचा लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने देशभरातले नमुने तपासले, तेव्हा ए-१६ च्या जोडीला ए-६ आणि ए-१० हे दोन भाऊबंदही सापडले. २०२२ च्या मे महिन्यात केरळच्या कोल्लममध्ये 'टोमॅटो फ्लू' नावाने खळबळ उडाली आणि मराठी वाहिन्यांनीही तोच विषय चालवला. त्या सुमारास केरळला जाऊन इंग्लंडला परतलेल्या भावंडांच्या तपासणीत निघाला तो हाच जुना ए-१६. नवा रोग वगैरे काही नव्हता.

आता मुख्य प्रश्नाकडे. पुस्तकी उत्तर सोपं आहे. कांजिण्यांचे फोड छाती, पाठ, पोट आणि चेहऱ्यावर दाटतात, हातापायांच्या टोकांकडे विरळ होत जातात. हात-पाय-तोंडाच्या आजारात उलटं असतं. फोड तळहात, तळपाय, बोटांच्या कडा आणि कुल्ले धरतात, तोंडात व्रण होतात आणि पोट-पाठ बहुधा कोरी राहते. कांजिण्यांचा फोड गोलसर, पातळ सालीचा, लाल डागावर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा दिसतो, नखाने सहज फुटतो. तळहातावरचा फोड मात्र खोल बसलेला, राखाडी झाक असलेला आणि लांबट असतो, आणि त्याची लांबी कातडीच्या रेघांच्या दिशेने असते. उजेडात तळहात थोडा ताणून पाहिला तर हे साध्या डोळ्यांनाही दिसतं. कांजिण्या खाजून जीव नकोसा करतात. हे फोड बहुधा खाजत नाहीत, दाबले तर दुखतात, म्हणून चालायला शिकलेलं लेकरू एकाएकी कडेवरून उतरायला तयार होत नाही.

ए-१६ पुरतं हे वर्णन चोख होतं. ए-६ ने ते बिघडवलं. २००८ मध्ये फिनलंडमध्ये या विषाणूची मोठी साथ आली, त्यानंतर तो जगभर दिसू लागला आणि आपल्याकडेही आला. ए-६ चे फोड तोंडाभोवती, हनुवटीवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर आणि लंगोट बसतो त्या भागावर दाट येतात, कधी धडावरही पसरतात. ते मोठे असतात, फुटून वर खपलीही धरतात. मुलाला आधीपासून इसब असेल तर नेमक्या त्याच जागी गर्दी करतात. असं लेकरू पाहिल्यावर अनुभवी डॉक्टरलाही कांजिण्या वाटू शकतात. दुसऱ्या बाजूने कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलाला कांजिण्या झाल्याच, तर पन्नासपेक्षाही कमी पुरळ येतं, बरंचसं नुसतं लाल पुटकुळ्यांचं, पाण्याचे फोड मोजकेच. म्हणजे एक आजार पसरून कांजिण्यांसारखा दिसतो आणि कांजिण्या कधी आटून भलत्याच दिसतात. फोड कुठे आहेत एवढ्यावरच निकाल दिला तर इथे फसगत होते.

माझ्या मते जागेपेक्षा वेळ जास्त बोलते. कांजिण्या लाटांनी येतात. आज सकाळी पाठीवर लाल ठिपके, संध्याकाळपर्यंत त्यांच्या पुटकुळ्या, रात्रीत पाणी, दुसऱ्या दिवशी गढूळपणा आणि मग खपली. ही पहिली खेप वाळत असतानाच शेजारी दुसरी उगवते, मग तिसरी. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाताच्या तळव्याएवढ्या जागेत ठिपका, पुटकुळी, पाण्याचा फोड आणि खपली असं सगळं एकत्र दिसतं. देवीमध्ये असं नसे. तिथे एका भागातले सगळे फोड एकाच वयाचे असत आणि जुने डॉक्टर याच खुणेवर दोन्ही वेगळे ओळखत. हात-पाय-तोंडाच्या आजारातही एक-दोन दिवसांत जे यायचं ते येऊन जातं आणि सगळे फोड साधारण बरोबरीने पुढे सरकतात. तळव्यावरचे बहुतेक फोड फुटतही नाहीत, आतलं पाणी जिरतं, तपकिरी डाग उरतो आणि सात ते दहा दिवसांत तोही मावळतो. व्रण राहत नाही.

दुसरी खूण केसांत. कांजिण्यांचे फोड डोक्याच्या कातडीवरही येतात, बऱ्याचदा पहिला फोड तिथेच असतो आणि आई भांग पाडताना तो तिच्या नजरेला येतो. हात-पाय-तोंडाच्या आजारात डोकं सहसा सुटतं. तोंडाच्या आत मात्र दोन्हीकडे फोड असू शकतात, त्यामुळे नुसते तोंडात व्रण आहेत म्हणून निकाल लागत नाही. पण आधी ताप, मग तोंडाचं दुखणं, लाळ आणि जेवण नाकारणं, आणि नंतर अंगावर फोड असा क्रम असेल तर तो हात-पाय-तोंडाकडे बोट दाखवतो. लहान मुलाच्या कांजिण्यांत ताप आणि पुरळ बहुधा बरोबरच येतात.

तिसरी खूण मला सर्वांत आवडते, कारण तिला डॉक्टर लागत नाही, फक्त घरातल्या आजारपणाचा हिशेब लागतो. एका घरात दोन लेकरं असतील तर पहिलं आजारी पडल्यापासून दुसरं किती दिवसांनी पडलं? हात-पाय-तोंडाचा विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांत आजार दिसतो. कांजिण्यांना बहुतेक वेळा चौदा ते सोळा दिवस लागतात, कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त एकवीस.

एक काल्पनिक घर घेऊन हे तपासू. ऑगस्ट महिना, डोंगरकिन्हीच्या बाजूची एक वाडी. चार वर्षांचा दादा अंगणवाडीत जातो, वीस महिन्यांची धाकटी घरीच असते. सोमवारी दादाला ताप आला, मंगळवारी त्याने भाकरीचा तुकडा तोंडातून काढून टाकला, बुधवारी तळपायावर आणि गुडघ्यांवर फोड दिसले. आजीने माता ठरवून टाकली. शुक्रवारी धाकटी तापली, शनिवारी तिची लाळ थांबेना, रविवारी तोंडाभोवती, कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर दाट लाल फोड, काही पोटावरही. आता आजीची खात्रीच पटली. आशाताई आल्या आणि म्हणाल्या, "आजी, आधी तिचे तळहात बघा, मग डोकं बघा." तळव्यावर चार लांबट फोड होते, केसांत एकही नव्हता. दादापासून धाकटीपर्यंतचं अंतर होतं चार दिवस. कांजिण्या दादाकडून आल्या असत्या तर धाकटीला दोन आठवडे लागले असते. दोघांना एकाच वेळी बाहेरूनच लागण झाली असती तर अंतर कमी असू शकलं असतं, ही पळवाट आहे खरी. म्हणून सोमवारपर्यंत थांबून पुन्हा पाहिलं. दादाच्या पायावरचे फोड सुकत होते, नवा एकही नव्हता, पाठ कोरी होती. कांजिण्या असत्या तर एव्हाना दादाच्या पाठीवर खपल्यांशेजारी ताजे फोड दिसले असते.

या घरात पुढे काय बिघडू शकतं? लेकराला अंगावरच्या फोडांचा त्रास थोडा असतो, तोंडातल्या व्रणांमुळे ते पाणी सोडतं हा त्रास जास्त. सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, तर पाटोद्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेण्यासाठी एवढं कारण पुरे. घरी थंड दूध, पातळ पेज, भाताची निवळ, चमच्याचमच्याने आणि वारंवार द्यावी. लिंबू, चिंच, तिखट, आंबट ताक नको, ते व्रणांना झोंबतं. तोंड बधिर करणारी मलमं दुकानात मिळतात, ती या वयात वापरू नयेत.

तापासाठी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे एक चूक हमखास होते. औषधाच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलिलिटरला २५०. अकरा किलोच्या धाकटीला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटर लागेल, दुसरीतून तीन. 'एक चमचा द्या' एवढंच लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या वेळी बाटली बदलली तर डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन दोन्ही आजारांत मुलांना देऊ नये. कांजिण्यांचा संशय असेल तर आयब्युप्रोफेनही टाळावं, कारण कातडीतल्या जिवाणूंच्या गंभीर संसर्गाशी त्याचा संबंध आढळला आहे. स्टिरॉइडची सुई तर दोन्हींत नकोच. तिने ताप उतरतो, लेकरू टवटवीत दिसतं आणि आतला विषाणू मोकळा होतो. ॲंटिबायोटिकचा या विषाणूंवर काही उपयोग नाही. फोड खाजवून त्यात पू झाला तर गोष्ट वेगळी.

क्वचित हात-पाय-तोंडाचा आजार मेंदूला आणि हृदयाला धरतो. त्यामागे बहुधा एन्टेरोव्हायरस ७१ हा वेगळा विषाणू असतो. १९९८ मध्ये तैवानमध्ये त्याने ७८ मुलांचे जीव घेतले. त्यानंतर चीनने त्यावर लस काढली, पण ती फक्त याच एका विषाणूवर चालते. आपल्याकडच्या साथींत ए-१६ आणि ए-६ चंच प्रमाण जास्त दिसलं आहे, म्हणून घाबरण्याचं कारण नाही, पण लक्षणं माहीत असावीत. तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलेला मोठा ताप, झोप लागताना अंग सारखं दचकणं, चालताना तोल जाणं, सतत उलट्या, सुस्ती, धाप, गार पडलेले हातपाय. यातलं काहीही दिसलं तर फोड किती आहेत याचा हिशेब करत बसू नये, थेट बीडला न्यावं.

वेगळं ठेवण्याचा नियमही दोन आजारांत निराळा आहे. कांजिण्या हवेतून पसरतात, पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली बसेपर्यंत. खपल्या बसल्या की मूल अंगणवाडीत जाऊ शकतं. हात-पाय-तोंडाचा विषाणू लाळेतून, फोडांतल्या पाण्यातून आणि शीमधून पसरतो, आणि शीमध्ये तो लेकरू बरं झाल्यावरही कित्येक आठवडे निघत राहतो. तेवढे दिवस कोणालाच घरी ठेवता येत नाही. म्हणून ताप जाऊन लाळ थांबली, फोड सुकले, की मूल पाठवायचं, आणि भर द्यायचा हातांवर. आपल्याकडे लेकराला धुतो ते हाताने. धुणारा हात साबणाने न धुता भाकरी थापायला गेला की साखळी पूर्ण झाली. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही, कारण करोनाच्या विषाणूला असतं तसं चरबीचं आवरण याला नसतं. साबण आणि वाहतं पाणीच हवं. टँकरच्या दिवसांत हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, पण शी धुतल्यानंतरचा एक तांब्या तरी त्यासाठी राखून ठेवावा.

यात ऊसतोडीचा भाग आहेच. दिवाळी झाली की पाटोदा, आष्टी, शिरूर भागांतून कोयते कारखान्यांकडे निघतात आणि लहान लेकरं आईबापाबरोबर कोपीवर जातात. हात-पाय-तोंडाच्या साथी आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर दिसतात, कांजिण्या हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे पहिला आजार गावात असताना आणि दुसरा फडावर असताना गाठण्याची शक्यता जास्त. पण हा पक्का नियम नाही, नागपूरची साथ हिवाळ्यातही चालू होती. कोपीवर तिसराच एक घोळ असतो, खरुजेचा. तान्ह्या मुलांत खरूज तळहात-तळपायांवरही येते आणि तिचेही बारीक फोड होतात. पण ती रात्री जास्त खाजते, घरातल्या दोघा-तिघांना तरी असतेच आणि तिच्यात ताप नसतो.

हात-पाय-तोंडाचा आजार सरल्यावर एक धक्का बसतो. तीन ते आठ आठवड्यांनी लेकराच्या बोटांची नखं मुळापासून सुटू लागतात. आधी नखावर आडवी खाच दिसते, मग नख वर उचललं जातं आणि खाली नवं कोवळं नख असतं. ए-६ नंतर हे पुष्कळ वेळा घडतं. त्याआधी तळव्यांची सालपटंही निघतात. तोवर फोडांची आठवण विरलेली असते, त्यामुळे घरचे बुरशीचं औषध आणतात, कुणी कॅल्शियम सुरू करतं. यातलं काहीच लागत नाही. नख दुखत नाही आणि आपोआप नवं येतं. 'कांजिण्या' झालेल्या मुलाची महिन्याभराने नखं गळाली तर त्या कांजिण्या नव्हत्या असं मी बिनधास्त म्हणेन.

गफलतीची किंमत इथे येते. कांजिण्या एकदा झाल्या की बहुधा पुन्हा होत नाहीत, हे घरोघरी ठाऊक आहे. हात-पाय-तोंडाचा आजार मात्र वेगवेगळ्या विषाणूंनी दोन-तीनदाही होऊ शकतो. धाकटीच्या फोडांना कांजिण्या म्हटलं की घर निश्चिंत होतं. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. लसीकरणाच्या कार्डावर गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा असतात आणि पुष्कळ पालकांना त्यातच कांजिण्याही आल्या असं वाटतं. बालरोगतज्ज्ञांची संघटना पंधराव्या महिन्यापासून कांजिण्यांच्या दोन मात्रा द्यायला सांगते, पण त्या खाजगी दवाखान्यात विकत घ्याव्या लागतात. 'हिला होऊन गेल्या' म्हणून ते पैसे वाचतात आणि खऱ्या कांजिण्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी येतात. मोठ्या माणसात त्या जास्त कडक असतात, फुप्फुसं धरतात. ती मुलगी तेव्हा गरोदर असेल तर धोका आणखी वाढतो, आणि बाळंतपणाच्या आगेमागे चार-पाच दिवसांत कांजिण्या निघाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेततं. उलटी चूकही होते. खऱ्या कांजिण्यांना हात-पाय-तोंडाचा आजार समजून घरातल्या गरोदर वहिनीला सावध केलं जात नाही. तिला आधी कधी कांजिण्या झाल्या नसतील तर संपर्क आल्याबरोबर डॉक्टरांना सांगायला हवं, कारण बचावाचं इंजेक्शन मोजक्या दिवसांतच उपयोगी पडतं.

प्रयोगशाळा दोन्ही आजार नक्की ओळखू शकते. घशाच्या, शीच्या किंवा फोडातल्या पाण्याच्या नमुन्यावर पीसीआर करतात. पण गावातल्या प्रत्येक लेकरासाठी ते करण्यात अर्थ नाही, साथ मोठी असेल किंवा मूल गंभीर असेल तेव्हाच नमुना पुढे जातो. घरात फोनवर दोन फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ काम होतं. एक तळहाताचा आणि एक उघड्या पाठीचा, पहिल्या दिवशी, आणि तेच दोन तिसऱ्या दिवशी. नवी खेप आली की नाही हे त्यात दिसतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं. एवढं करूनही शंका राहिली, तर लशीच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. कांजिण्या होऊन गेलेल्या मुलाला ती लस दिली तरी अपाय होत नाही. त्यामुळे कार्डावर 'कांजिण्या झाल्या' असं लिहिण्यापूर्वी खपल्यांशेजारी ताजे फोड कुणी पाहिले होते का, एवढं विचारावं, आणि उत्तर नक्की नसेल तर लस द्यावी.